बाहेरून सारखी, आतून वेगळी: चार्जरची पिन फोटोवरून ओळखताना

रात्री साडेनऊला यावलहून मावसबहिणीचा फोन आला. मुलाची पॉलिटेक्निकची परीक्षा तोंडावर आलेली आणि लॅपटॉपच्या चार्जरची वायर उंदरानं कुरतडलेली. "दादा, फोटो पाठवलाय. तसाच एक काढून ठेव. उद्या शेजारचे काका केळीच्या पट्टीच्या हिशोबाला जळगावला येताहेत, त्यांच्या हाती दे," असं म्हणाली आणि फोन ठेवला. फोटो उघडला तर मधोमध चार्जरचा काळा डबा, बाजूला वायरचं वेटोळं, आणि खालच्या कोपऱ्यात कशीबशी दिसणारी पिन. त्या फोटोवर चार्जर देणं म्हणजे अंधारात चपला घालण्यासारखं होतं.

जळगावात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करताना असे फोटो मला चोपड्याहून, रावेरहून, पारोळ्याहून सतत येतात. माणूस एसटीनं येणार, अर्धा दिवस घालवणार, आणि घरी गेल्यावर पिन बसली नाही तर पुन्हा तोच फेरा. म्हणून फोटो नीट काढणं आणि नीट वाचणं, दोन्ही शिकून घ्यावं लागलं. हा लेख फक्त गोल पिनेबद्दल आहे. मोबाईलसारखी चपटी टाइप-सी पिन किंवा काही लेनोवोंना असते ती चौकोनी पिन बघताक्षणी ओळखू येते. फसवते ती गोल.

गोल पिनेची मापं दोन असतात. पहिलं बाहेरच्या नळीचं, म्हणजे पिन बाहेरून किती जाड आहे ते. दुसरं आतल्या छिद्राचं. दुकानात किंवा ऑनलाइन यादीत ५.५ × १.७ असं लिहिलेलं दिसतं, त्यातला पहिला आकडा बाहेरचा आणि दुसरा आतला, दोन्ही मिलिमीटरमध्ये. लॅपटॉपच्या खोबणीत मधोमध एक बारीक दांडी असते. चार्जरच्या पिनेचं छिद्र त्या दांडीवर बसतं आणि पिनेची बाहेरची नळी खोबणीतल्या बाजूच्या पत्रीला टेकते. करंट आत जायला या दोन्ही जागी घट्ट टेकणं लागतं.

गोंधळ होतो तो इथेच. ५.५ मिलिमीटर जाडीच्या पिना तीन तऱ्हेच्या मिळतात आणि बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. छिद्र १.७ असेल तर ती बहुतेक करून एसरची. छिद्र २.५ असेल तर जुने असूस, तोशिबा, लेनोवोचे जुने आयडियापॅड यांची. आणि २.१ छिद्राची पिन सीसीटीव्ही, एलईडी पट्ट्या, वायफायचा राउटर यांच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला सर्रास असते. बारीक पिनांतही तसंच आहे. ४.० मिलिमीटरच्या पिनेत छिद्र १.३५ असेल तर असूसचे अलीकडचे पातळ लॅपटॉप, आणि १.७ असेल तर लेनोवोचे अलीकडचे आयडियापॅड. फरक साडेतीन दशांश मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण लॅपटॉपच्या दांडीला बरोबर कळतो.

छिद्र चुकलं तर काय होतं हे दोन्ही बाजूंनी बघू. समजा लॅपटॉपची दांडी जाड, २.५ ची, आणि तुम्ही १.७ छिद्राची पिन आणली. ती आत जाणारच नाही. इथे नुकसान होतं ते जोर लावणाऱ्याच्या हातून. "थोडी टाईट आहे, जाईल" असं म्हणून दाबली की दांडी वाकते नाहीतर मागे ढकलली जाते, आणि चार्जरच्या खर्चावर जॅकचा खर्च चढतो.

उलट चूक जास्त वाईट, कारण ती लपते. लॅपटॉपची दांडी १.७ ची आणि पिनेचं छिद्र २.५ चं. बाहेरची जाडी सारखी असल्यामुळे पिन अगदी ऐटीत आत जाते, लाइटही लागतो. माणूस खुश होऊन घरी जातो. पण आत दांडीभोवती सगळीकडून ०.४ मिलिमीटरची फट आहे. दांडी छिद्राच्या भिंतीला एका बाजूला कशीबशी टेकलेली असते. मांडीवर लॅपटॉप जरा हलला की टेकणं सुटतं, बारीक ठिणगी पडते, पुन्हा टेकतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं. काही दिवसांत दांडी काळी पडते, पिनेजवळचं प्लास्टिक हाताला गरम लागायला लागतं आणि शेवटी जॅकचा टाका सुटतो. मग लॅपटॉप माझ्याकडे येतो तो "जॅक खराब झालाय" म्हणून. मी जॅक बदलण्याआधी नेहमी चार्जर मागतो. नवा जॅक बसवून तोच चार्जर परत दिला तर तोही तसाच जाईल.

आता फोटोकडे. मावसबहिणीला मी तीन फोटो मागितले. एक चार्जरवरच्या लेबलचा, जवळून. एक पिन आडवी धरून, बाजूनं. आणि एक पिनेच्या तोंडाकडून, सरळ समोरून, छिद्र दिसेल असा. फोटो काढण्याआधी चार्जर बोर्डातून काढून ठेवायला सांगितलं. उंदरानं कुरतडलेल्या वायरला तर हे आणखीच महत्त्वाचं, कारण आतली तार उघडी असू शकते.

तोंडाकडचा फोटो घेताना बहुतेक जण मोबाईल पिनेच्या अगदी नाकाशी नेतात आणि सगळं धूसर येतं. मोबाईलचा कॅमेरा फार जवळचं टिपू शकत नाही. वीतभर लांब धरायचा, दोन-तीन पट झूम करायचा, पिनेवर बोट टेकवून फोकस करायचा आणि उजेड खिडकीचा घ्यायचा. फ्लॅश लावला तर चकाकत्या धातूवर पांढरा डाग पडतो आणि छिद्राची कडा त्यात बुडून जाते. आणि व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीनं पाठवला की तो दाबला जाऊन कडा मऊ होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. एवढं सांगितल्यावर तिचे फोटो छान आले. भाचरानं पिन दोन पुस्तकांच्या चिमटीत उभी धरली होती, त्यामुळे हात हलला नव्हता.

फोटोवरून माप काढायची माझी पद्धत अगदी साधी आहे. तिला संगणक लागत नाही, शाळेतली प्लास्टिकची पट्टी पुरते.

आधी बाहेरची जाडी. त्यासाठी पिनेच्या शेजारी माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू लागते. मला सगळ्यात सोयीची वाटते ती मोबाईलच्या चार्जिंग केबलची जुनी, मोठी, चपटी यूएसबी पिन, जी अडॅप्टरमध्ये खुपसतो ती. तिचा धातूचा भाग १२ मिलिमीटर रुंद आणि ४.५ मिलिमीटर जाड असतो. जगभर एकच माप. आडव्या फोटोत लॅपटॉपची पिन आणि यूएसबीची पिन एकमेकींना चिकटवून, यूएसबी कडेवर उभी न करता सपाट ठेवून, बाजूनं बघायचं. ५.५ ची पिन तिच्यापेक्षा सरळसरळ उंच दिसते. ४.० ची पिन तिच्यापेक्षा बुटकी. आणि दोन्ही जवळजवळ सारख्या दिसल्या तर पिन ४.५ किंवा ४.८ ची असू शकते, तिथे थांबून नीट बघायचं. बहिणीच्या फोटोत लॅपटॉपची पिन यूएसबीपेक्षा ठळक उंच होती.

मग छिद्र. तोंडाकडचा फोटो मोबाईलवर उघडायचा आणि दोन बोटांनी मोठा करत जायचा, इतका की पिनेची बाहेरची कडा पडद्यावर बरोबर ५५ मिलिमीटर रुंद व्हावी. पट्टी पडद्यावर टेकवून जुळवायची. साडेपाच मिलिमीटरची वस्तू आता दहा पट मोठी दिसते आहे. त्याच पट्टीनं छिद्र मोजा. १७ आलं तर छिद्र १.७ चं. २१ आलं तर २.१ चं. २५ आलं तर २.५ चं. पिन ४.० ची वाटत असेल तर बाहेरची कडा ४० मिलिमीटरला जुळवायची, मग छिद्र साडेतेरा किंवा सतरा येईल. दशांशातला फरक दहा पट झाला की तो पट्टीवरच्या चार-चार रेघांचा होतो, आणि चार रेघा कुणालाही दिसतात.

या पद्धतीवर माझा भरवसा आहे त्याला कारण आहे. छिद्र आणि बाहेरची कडा दोन्ही एकाच तोंडावर, कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात. मोबाईल जवळ धरा की लांब, दोन्ही एकत्रच लहान-मोठी होतात, त्यांचं एकमेकांशी प्रमाण बदलत नाही. टेबलावर ठेवलेल्या पट्टीचं तसं नसतं, आणि ती गोष्ट मी चुकूनच शिकलो.

पाचोऱ्याहून एकानं पिनेचा फोटो पाठवला होता. पिन टेबलावर उभी, शेजारी स्टीलची पट्टी आडवी. पट्टीवरून मोजलं तर बाहेरची जाडी जवळजवळ साडेपाच आली. मी एसरची ५.५ × १.७ पिन दिली. त्या माणसानं घरी जाऊन लावली तर ती खोबणीत शिरेचना. त्याचा लॅपटॉप जुना एचपी होता आणि त्याची पिन होती ४.८ × १.७ ची. चूक कुठे झाली? उभ्या पिनेचं तोंड टेबलापासून दोन सेंटिमीटर वर होतं आणि पट्टी खाली टेबलावर. मोबाईल पिनेपासून पंधरा सेंटिमीटरवर धरला असेल तर पट्टीपासून तो सतरावर होता. जवळची वस्तू मोठी दिसते. ४.८ ला १७ नं गुणून १५ नं भागा, ५.४४ येतात. म्हणजे फोटो खोटं बोलला नव्हता, मी पट्टी आणि पिन एकाच पातळीवर आहेत असं धरून चाललो होतो. त्याच फोटोत बाहेरची कडा ५५ ला जुळवून छिद्र मोजलं असतं तर साडेएकोणीस आलं असतं. १७ नाही, २१ नाही, मधलंच काहीतरी. आता असं मधलंच माप आलं की मी बाहेरच्या जाडीवरच शंका घेतो. त्याच्या लेबलवर १८.५ व्होल्ट लिहिलं होतं, हीदेखील जुन्या एचपीची खूण होती आणि ती मी सोडून दिली होती. त्याचा एक फेरा वाया गेला. पिन आत शिरली नाही म्हणून लॅपटॉप तरी वाचला.

छिद्र मोजताना दोन ठिकाणी डोळा चुकतो. समोरून बघितलं की बाहेर धातूचं कडं, मग काळ्या प्लास्टिकचं कडं आणि मग आत पुन्हा धातू दिसतो. छिद्र म्हणजे त्या आतल्या धातूच्या आतली पोकळी. काळं प्लास्टिक जिथे सुरू होतं ती कडा छिद्राची नव्हे. दुसरं, काही पिनांचं तोंड दांडी सहज शिरावी म्हणून थोडं फाकवलेलं असतं, फुलासारखं. तिथे वरची मोठी गोलाई न धरता आतली सगळ्यात अरुंद गोलाई धरायची. फोटो किंचित तिरका आला तर गोल अंड्यासारखा दिसतो. मग लांबट बाजूनंच मोजायचं, बाहेरचं आणि आतलं दोन्ही. तिरक्या फोटोत गोल एका दिशेनं चेपतो, दुसऱ्या दिशेनं तसाच राहतो.

बहिणीच्या पिनेचं छिद्र पट्टीवर सतराच्या किंचित पुढे आलं. यूएसबीपेक्षा उंच पिन आणि सतराचं छिद्र, म्हणजे ५.५ × १.७. लेबलवर कंपनीचं नाव पुसलं होतं तरी पिनेनं एसर सांगितलं. विचारलं तर लॅपटॉप एसरचाच निघाला.

दुसरा प्रश्न ध्रुवाचा. पिनेच्या आतल्या भागात प्लस आहे की मायनस. लेबलवर, व्होल्ट-अँपिअरच्या आकड्यांच्या जवळपास, एक छोटं चित्र असतं. मधोमध एक भरीव ठिपका, त्याच्याभोवती इंग्रजी सी सारखा अर्धवट उघडा गोल, आणि दोन बाजूंना दोन छोटे गोल, एकात प्लस आणि एकात मायनस. हे चित्र म्हणजे पिनेकडे तोंडाकडून बघितल्यावर जे दिसतं त्याचाच नकाशा आहे. ठिपका म्हणजे आतलं छिद्र, सी म्हणजे बाहेरची नळी. ठिपक्यापासून निघालेली रेघ सी च्या उघड्या भागातून बाहेर पडते आणि एका छोट्या गोलाला जाऊन मिळते. ती रेघ बोटानं धरून जा. प्लसपाशी पोहोचलात तर आतला भाग प्लस. मायनसपाशी पोहोचलात तर आतला भाग मायनस.

प्लस उजवीकडे आहे की डावीकडे याला काही अर्थ नाही. काही लेबलांवर प्लस डावीकडे असतो, काहींवर उजवीकडे. म्हणून "प्लस उजवीकडे म्हणजे बरोबर" असं पाठ करू नये. फोटो उलटा आला तरी, अगदी आरशातल्यासारखा आला तरी, रेघ ज्याला जोडली आहे त्यालाच जोडलेली राहते.

धूसर फोटोत खरा घोटाळा प्लस-मायनसचा होतो. प्लसची उभी रेघ पुसट असली की तो मायनस वाटतो. अशा वेळी दोन्ही गोल शेजारी ठेवून बघा. एक नक्की मायनस आहे, म्हणजे दुसरा प्लसच असणार, दोन्ही सारखे असूच शकत नाहीत. ज्यात शाई जास्त दिसते तो प्लस. तरीही शंका राहिली तर लेबल ओल्या फडक्यानं पुसून दुसरा फोटो मागवावा. लेबलवर आकड्यांमध्ये आणखी एक खूण असते, वर सरळ रेघ आणि तिच्या खाली तुटक रेघ. ती डीसी करंटची खूण आहे, तिचा प्लस-मायनसशी संबंध नाही. तिला मायनस समजणारेही भेटतात.

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये जवळजवळ नेहमी आत प्लस असतो. मग चिन्ह बघायचंच कशाला, असं मला पोरं विचारतात. दोन कारणांसाठी. घरातले सगळे गोल पिनेचे अडॅप्टर लॅपटॉपचे नसतात, आणि आत मायनस असलेलेही मिळतात. गिटारच्या इफेक्ट पेडलना लागणारे अडॅप्टर हे त्याचं नेहमीचं उदाहरण. उलट्या ध्रुवाचा अडॅप्टर लॅपटॉपला लागला तर आतली संरक्षणाची सोय असेल तिथे फक्त चालू होत नाही, नसेल किंवा अपुरी असेल तिथे चार्जिंगचा भाग जळतो. दुसरं कारण आपल्या भागात जास्त लागू आहे. पिन तुटली की ती कापून नवी पिन टाक्यानं जोडून देतात. अशा वेळी लेबलवरचं चिन्ह कारखान्यातून निघालेल्या चार्जरबद्दल बोलतं, टाका मारलेल्या पिनेबद्दल नाही. चार्जरच्या वायरमध्ये बहुतेक वेळा आतली तार प्लस असते आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या बारीक तारांची जाळी मायनस. टाका मारताना ती अदलाबदल झाली तर लेबल बरोबर आणि पिन उलटी. म्हणून फोटोत पिनेपासून वीतभर वायरीवर चिकटपट्टी, फुगीर गाठ किंवा वेगळ्या रंगाची नळी दिसतेय का ते मी आधी बघतो. दिसली तर फोटोवर विश्वास ठेवत नाही.

तिथे मल्टिमीटरच लागतो, आणि तो गावातल्या कुठल्याही मोटार वाइंडिंगवाल्याकडे असतो. डीसी व्होल्टवर, २०० च्या खाचेवर ठेवायचा. २० ची खाच घेतली तर २० व्होल्टचा चार्जर तिच्या मर्यादेबाहेर जातो आणि मीटर नुसता १ दाखवून गप्प बसतो. लाल टोक छिद्रात, काळं टोक बाहेरच्या नळीला. आकडा १९ च्या आसपास आला तर आत प्लस. आकड्याच्या आधी मायनसची खूण आली तर आत मायनस. १.७ च्या छिद्रात मीटरचं टोक शिरत नाही, म्हणून कागद लावायची क्लिप सरळ करून, चार्जर बंद असताना छिद्रात घालायची आणि मग चालू करून क्लिपला लाल टोक लावायचं. क्लिप बाहेरच्या नळीला टेकू द्यायची नाही, नाहीतर चार्जर शॉर्ट होतो.

लेबलवरच्या आकड्यांचं थोडक्यात. बघायचा तो आउटपुटचा भाग. इनपुटपुढे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं ते भिंतीतल्या विजेचं. बहिणीच्या लेबलवर आउटपुट १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर होतं. गुणाकार केला की ६५ वॉट येतात. व्होल्ट तेच हवेत. १९ आणि १९.५ मधला अर्धा व्होल्ट चालून जातो, पण १२ किंवा २४ कधीच नाही. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी चालत नाहीत. ६५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा लावला तर तो पूर्ण वेळ दमलेला चालतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना बंद खोलीत तो हात लावू देत नाही इतका तापतो. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नव्हे, हे उलटही घडतं. १९ व्होल्टचा लॅपटॉप चार्जर १२ व्होल्टच्या राउटरला लावून राउटर जाळलेला मी पाहिला आहे. पिन छान बसली होती.

एक जागा अशी आहे जिथे फोटोतलं छिद्र काहीच सांगत नाही. पिनेच्या तोंडात मधोमध सुईसारखी बारीक काडी दिसली तर थांबा. दुकानात हिला कुणी सुईवाली पिन म्हणतं. एचपीची निळ्या रंगाची ४.५ × ३.० ही पिन तशी असते, डेलचीही त्याच मापाची असते, आणि दोघांच्या जुन्या, जाड ७.४ × ५.० च्या पिनाही तशाच. इथे बाहेरची नळी मायनस, आतली भिंत प्लस, आणि मधली सुई करंट देण्यासाठी नसतेच. ती चार्जर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला सांगते. डेलच्या चार्जरमध्ये त्यासाठी एक छोटी चिप बसवलेली असते. ती नसेल किंवा सुई तुटली असेल तर लॅपटॉप चालू होताना चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही असा संदेश देतो, मशीन चालते पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही मंदावतो. चिप फोटोत दिसत नाही. म्हणून सुईवाल्या पिनेत मापाच्या मागे न लागता लॅपटॉपची कंपनी आणि पाठीमागचा मॉडेल नंबर विचारायचा, आणि डेलच्या जागी एचपीची पिन, ती शिरली तरी, लावायची नाही.

चार्जरच हरवला असेल तर लॅपटॉप उलटा करून खालच्या लेबलचा फोटो मागतो. तिथे बऱ्याचदा व्होल्ट-अँपिअर लिहिलेले असतात. पिनेचं माप मात्र तिथे क्वचितच मिळतं, मग खोबणीचा समोरून फोटो घेऊन आतली दांडी बारीक आहे की जाड, की सुई आहे, एवढं तरी बघून घेतो आणि मॉडेल नंबरवरून पक्कं करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेजारचे काका आले. "भाऊ, हाऊ तोच शे ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी ५.५ × १.७ ची पिन, १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा चार्जर काढला, त्यांच्यासमोर क्लिप आणि मीटर लावून आकडा दाखवला, १९.२, मायनसची खूण नाही. डब्यावर पेननं तिन्ही आकडे लिहून दिले. संध्याकाळी बहिणीला मेसेज करून एक गोष्ट करायला सांगितली. पिन लावल्यावर बोटानं हळूच डावी-उजवी हलवायची आणि चार्जिंगचं चिन्ह जातंय का बघायचं. तासाभरानं पिनेला हात लावून बघायचा.

रात्री भाच्याचा मेसेज आला. चिन्ह हललं नाही, पिन कोमटसुद्धा नाही.